मुलं दिवसभर घरी असताना : आधी वेळा बसवा, मग पदार्थ शोधा

प्रश्न : मुलगी 10 वर्षांची, मुलगा 6 वर्षांचा. आम्ही नागपूरला राहतो, त्यामुळे शाळा थेट जूनच्या शेवटी. मी घरून काम करते, सासूबाई सोबत असतात. मुलं दर तासाला "भूक लागली" म्हणतात आणि जेवायला बसवलं की दोन घास खाऊन उठतात. रोज नवीन काहीतरी करून मी थकले आहे. पौष्टिक हवं आणि त्यांना आवडायलाही हवं. काय करू?

उत्तर :

ताई, तुम्ही पदार्थांची यादी मागताय असं वरवर दिसतं, पण तुमच्या प्रश्नात दोन वाक्यं शेजारी शेजारी आहेत : दर तासाला भूक आणि जेवताना दोन घास. ही एकाच गोष्टीची दोन टोकं आहेत. दिवसभर थोडं थोडं तोंडात जात राहिलं की पोट कधी पूर्ण रिकामं होत नाही आणि कधी पूर्ण भरतही नाही. अशा पोटासमोर तुम्ही कितीही नवा पदार्थ ठेवलात तरी तो दोन घासांत संपतो, आणि तुम्हाला वाटतं की पदार्थ आवडला नाही. मग उद्या आणखी नवीन. माझ्याकडे मे महिन्यात येणाऱ्या बहुतेक आया याच चक्रात अडकलेल्या असतात. मी मुलांच्या आहाराचं काम बरीच वर्षं करते आहे, आणि सुट्टीतल्या तक्रारीवर मी पदार्थांपासून कधीच सुरुवात करत नाही.

शाळा चालू असताना हे होत नाही, कारण शाळेत घंटा असते. डबा ठरलेल्या वेळी उघडतो, मधे फक्त पाण्याची बाटली. घरी आल्यावर मूल खरोखर भुकेलेलं असतं, म्हणून कालची पोळी-भाजीसुद्धा चालते. सुट्टी लागली की ही घंटा जाते आणि स्वयंपाकघर दिवसभर उघडं राहतं.

एक उदाहरण सांगते. आठ वर्षांचा मुलगा, आईवडील दोघं नोकरीला, घरी आजी. तक्रार अशी की "हा काहीच खात नाही". मी आजींना दोन दिवस नुसतं लिहून ठेवायला सांगितलं, काहीही न बदलता. त्या कागदावर असं होतं : साडेआठला चॉकलेट पावडर घातलेलं दूध आणि चार बिस्किटं. पावणेदहाला केळं. साडेदहाला पोहे, अर्धी बशी टाकून दिलेली. साडेअकराला सरबत. सव्वाबाराला वेफर्स. दीडला जेवण, त्यात पाव पोळी आणि दोन चमचे वरण-भात. तीनला पुन्हा दूध, चारला बिस्किटं, साडेपाचला आइस्क्रीम, सातला नूडल्स. नऊला जेवण नको म्हणाला म्हणून झोपताना तिसरा मोठा पेला दूध.

हा मुलगा "काहीच खात नाही" असं नव्हतं. तो दिवसातून अकरा वेळा खात होता आणि एकदाही जेवत नव्हता. त्या यादीत डाळ जवळजवळ नाही, भाजी नाही, आणि जे आहे त्यातलं बरंचसं गोड आहे. बिस्किटाच्या पुड्यावर मागे बघा, साध्या गोड बिस्किटांतही साधारण पाव वजन साखरेचं असतं. आणि दूध हा इथला लपलेला मुद्दा होता. दूध चांगलंच, पण या वयाला दिवसाला दोन मध्यम पेले, म्हणजे 400 मिलिलिटरच्या आसपास, पुरे होतं. तीन-चार मोठे पेले पोटात गेले की जेवणाची जागा दूध घेतं. दुधात लोह जवळपास नसतं, त्यामुळे दुधावर वाढणारी मुलं गुटगुटीत दिसूनही रक्तात कमी निघतात.

तिथे आम्ही पदार्थ एकही नवा आणला नाही. फक्त खाण्याच्या पाच वेळा ठरवल्या आणि मधल्या वेळेत पाणी. पहिले तीन दिवस रडारड झाली, आजींना ते बघवेना. चौथ्या-पाचव्या दिवसापासून दुपारी दीड-दोन पोळ्या जाऊ लागल्या.

तुमच्या घरी या वेळा कोणत्या असाव्यात हे मुलं किती वाजता उठतात त्यावर आहे. सुट्टीत नऊला उठणाऱ्या मुलाला शाळेचं वेळापत्रक लावण्यात अर्थ नाही. दोन खाण्यांमध्ये सरासरी तीन तास मोकळे राहतील एवढं बघा. आठला उठत असतील तर साडेआठला नाश्ता आणि त्याच्याबरोबरच दूध, साडेअकरा-बाराला जेवण, साडेतीन-चारला भरपेट मधलं खाणं, साडेसहाला खेळून आल्यावर फळ, साडेआठला रात्रीचं जेवण. दूध स्वतंत्र वेळी देऊ नका, एखाद्या खाण्याला जोडून द्या. सहा वर्षांच्या मुलाचं पोट लहान असतं, त्याला दोन तासांनी लागली भूक तर ती खरी असू शकते. दहा वर्षांची मुलगी मात्र तीन तास सहज काढते.

खरी भूक कशी ओळखायची? मधेच "भूक लागली" आलं की आधी पाणी द्या, नागपूरच्या उन्हात अर्ध्या वेळा ती तहान असते. तरीही म्हणत असतील तर "पोळी-भाजीचा रोल देऊ?" असं विचारा. हो म्हणाले तर भूक आहे, जेवण अर्धा तास अलीकडे घ्या. "ते नको, बिस्किट दे" असं आलं तर तो कंटाळा आहे. कंटाळ्याला काकडीची फोड किंवा गाजर चालेल, या दोन गोष्टी मी केव्हाही मोकळ्या ठेवते, कारण त्याने जेवण मरत नाही.

आणि एक नियम दोन्ही बाजूंनी पाळा. काय वाढायचं आणि केव्हा वाढायचं हे तुम्ही ठरवा, किती खायचं हे मुलांना ठरवू द्या. अमेरिकेतल्या आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी ही विभागणी मांडली आणि मुलांच्या आहारावर काम करणारे आम्ही बरेच जण ती वापरतो. "अजून एक घास माझ्यासाठी" हे बंद केलं की जेवणाच्या ताटावरचं भांडण निम्म्याने कमी होतं. कमी जेवले तर कमी जेवले, पुढची वेळ तीन तासांवर आहे.

आता चारच्या खाण्याकडे येते, कारण सुट्टीतला दिवस तिथेच घसरतो. दुपारची झोप किंवा टीव्ही संपलेला असतो, बाहेर ऊन असतं, तुमची बहुधा मीटिंग असते, आणि सगळ्यात हाताशी बिस्किटाचा डबा असतो. या वेळेला "खाऊ" न समजता छोटं जेवण समजा आणि त्यात डाळ, कडधान्य, दाणे, अंडं किंवा दही यातलं एक काहीतरी हवंच. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2020 च्या शिफारशीप्रमाणे 4 ते 6 वर्षांच्या मुलाला दिवसाला सुमारे 16 ग्रॅम प्रथिनं लागतात आणि 10 ते 12 वर्षांच्या मुलीला जवळपास 33 ग्रॅम, म्हणजे दुप्पट. एक अंडं किंवा मूठभर दाणे यातून साधारण सहा ग्रॅम मिळतात. धाकट्याचं जेवणातून सहज भागतं, थोरलीचं चारच्या खाण्याशिवाय भागणं अवघड जातं. त्यामुळे दोघांना एकच पदार्थ द्या, पण तिला जास्त वाढा.

यासाठी माझा सगळ्यात उपयोगी पडलेला सल्ला अगदी साधा आहे : शाळेचे डबे माळ्यावर टाकू नका. रोज सकाळी नाश्ता करता करताच चारचा डबा भरून ठेवा, दोघांचा वेगळा, त्यांच्या नेहमीच्या डब्यात. कोरडं असेल तर ओट्यावर, ओलं असेल तर फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, जिथे धाकट्याचा हात पोहोचेल. चार वाजले की ते स्वतः काढून घेतील. तुम्हाला मीटिंगमधून उठावं लागत नाही, आणि "आज काय?" हा प्रश्न सकाळीच मिटलेला असतो.

वैविध्याबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. मुलांना रोज नवा पदार्थ लागत नाही. त्यांना कालच्यापेक्षा वेगळा आकार, वेगळा कुरकुरीतपणा, वेगळी चव लागते. त्यामुळे मी आयांना रोज नवीन करायला सांगत नाही, आठवड्याला तीन मूळ गोष्टी तयार ठेवायला सांगते आणि त्यांची रूपं बदलायला सांगते.

पहिली गोष्ट, मिश्र डाळींचं पीठ. एक वाटी तांदूळ, एक वाटी सालाची मूगडाळ, अर्धी वाटी हरभराडाळ, पाव वाटी उडीदडाळ, चमचाभर मेथीदाणे. चार-पाच तास भिजवून, थोडं आलं-जिरं घालून जरा रवाळ वाटा. मीठ सगळ्यात घालू नका, लागेल तेवढं पीठ बाजूला काढून त्यात घाला. तुमच्याकडे मे महिन्यात हे पीठ दोन तास बाहेर राहिलं तरी फुगायला लागतं, म्हणून वाटल्याबरोबर फ्रिजमध्ये. पहिल्या दिवशी ते गोडसर असतं, त्याची पातळ धिरडी करा, आत किसलेलं गाजर किंवा बारीक चिरलेला पालक. दुसऱ्या दिवशी किंचित आंबतं, त्याचे आप्पे फार छान होतात, आणि आप्पे थंड झाले तरी मुलं खातात, म्हणून ते डब्याला उत्तम. तिसऱ्या दिवशी पीठ चांगलं आंबट असतं, त्याचा जाड उत्तप्पा, वर कांदा-टोमॅटो. तीन दिवसांत हे पीठ संपवा. आंबट वास ठीक आहे, पण वर गुलाबी छटा, काळे ठिपके किंवा कुजका वास आला तर तो भाग काढून बाकीचं वापरायला जाऊ नका, सगळंच टाका.

दुसरी गोष्ट, मोड आलेली मटकी किंवा मूग. वाटीभर कडधान्याचे मोड आल्यावर अडीच-तीन वाट्या होतात. रात्री भिजवायचं, सकाळी उपसून ओल्या फडक्यात बांधायचं, उन्हाळ्यात संध्याकाळपर्यंत मोड दिसतात. पुढे जास्त वेळ बांधून ठेवू नका, उष्म्यात ते बुळबुळीत होतात आणि वास येतो. मुलांना मोड कच्चे देऊ नका, पाच-सात मिनिटं वाफवून घ्या. उबदार ओलाव्यात मोड वाढतात तसे जंतूही वाढतात. वाफवलेले मोड डब्यात भरून फ्रिजमध्ये ठेवले की पहिल्या दिवशी जेवणात उसळ, दुसऱ्या दिवशी चारला भेळ : मोड, चुरमुरे, कांदा, बारीक चिरलेली कैरी, थोडे भाजलेले दाणे. कैरी किंवा लिंबू चवीपुरतं नाही, त्यातलं क जीवनसत्त्व कडधान्यातलं लोह शरीरात जायला मदत करतं. पोह्यांवर लिंबू पिळायचं तेही याच कारणाने. उलट जेवणाबरोबर चहा लोह अडवतो, थोरलीला चहाची सवय लागली असेल तर निदान जेवणापासून तासभर लांब ठेवा.

तिसरी गोष्ट डब्यातलं पीठ. थालीपिठाची भाजणी तर सगळ्यांकडे असते, पण तुमच्याकडच्या उकडपेंडीचा मला फार आधार वाटतो. जाडसर गव्हाचं किंवा ज्वारीचं पीठ तेलावर खमंग भाजायचं, फोडणीत कांदा, दाणे, आणि ताक घालून वाफ आणायची. पंधरा मिनिटांत होते, सासूबाई बहुधा माझ्यापेक्षा चांगली करत असतील. ज्या दिवशी वाटण-घाटण नाही त्या दिवशी हे किंवा थालीपीठ-दही.

या तिन्हींचा आठवडा साधारण असा लागतो. रविवारी संध्याकाळी डाळी भिजवून रात्री वाटल्या की सोमवारी धिरडी, मंगळवारी आप्पे, बुधवारी उत्तप्पा. मंगळवारी रात्री मटकी भिजवली की गुरुवारी दुपारी उसळ आणि शुक्रवारी भेळ. गुरुवारी चारला उकडलेलं अंडं किंवा, तुम्ही खात नसाल तर, दाण्याचा लाडू आणि फळ. शनिवारी थालीपीठ. रविवार मोकळा, त्या दिवशी मुलांनी मागितलेलं काहीही, नूडल्सही चालतील. मुलांना माहीत असतं की रविवारी मिळणार आहे, म्हणून बुधवारी हट्ट कमी होतो. दुसऱ्या आठवड्यात हेच, फक्त धिरड्यात गाजराऐवजी दुधी, मटकीऐवजी चवळी, आणि भेळेऐवजी मोडांचे कटलेट. नवी भाजी आणायची असेल तर आवडत्या पदार्थाच्या शेजारी चमचाभर ठेवा आणि त्यावर बोलू नका. आठ-दहा वेळा ताटात दिसल्याशिवाय बऱ्याच मुलांना ती ओळखीची वाटत नाही. दोन वेळा नाकारली म्हणून यादीतून काढून टाकणं ही घाई होते.

उन्हाळ्याच्या दोन गोष्टी वेगळ्या सांगायला हव्यात.

सरबतं. पन्हं, कोकम, लिंबू, सगळं घरचं आणि चांगलं, पण पेल्यात तीन-चार चमचे साखर असेल तर ते पेय नसून गोड खाणं आहे आणि त्याने जेवणाची भूक जाते. गूळ घातला म्हणून फार फरक पडत नाही, शरीराला ती साखरच. जागतिक आरोग्य संघटना सांगते की वरून घातलेल्या साखरेतून येणारी ऊर्जा दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या 10 टक्क्यांच्या आत असावी. सहा वर्षांच्या मुलासाठी हे दिवसाला जेमतेम सहा-सात चमचे होतात, आणि त्यात दुधात घातलेली, बिस्किटातली, आइस्क्रीममधली सगळी आली. म्हणून पन्हं दिवसातून एकदा, छोटा पेला, दोन चमचे गूळ घालून, आणि शक्यतो चारच्या खाण्याबरोबर. बाकी वेळ पाणी, आणि जेवणात मीठ-जिरं घातलेलं पातळ ताक. आंब्याबद्दल आया फार घाबरतात. रोज एक आंबा कापून, साडेसहाच्या फळाच्या जागी, बिनधास्त द्या. आमरस मात्र जेवणातला गोड पदार्थ धरा, त्यात साखर नको आणि त्या दिवशी दुसरं गोड नको.

दुसरी गोष्ट उरलेला भात. फोडणीचा भात मुलांना आवडतो आणि सोपा आहे, पण चाळीस-बेचाळीस अंशांत रात्रभर ओट्यावर राहिलेला भात सकाळी फोडणीला टाकू नका. भातात वाढणारे काही जंतू असं विष सोडतात की पुन्हा गरम करून ते जात नाही, आणि भाताला वास येईलच असं नाही. मुलाला खाल्ल्यावर काही तासांत उलट्या सुरू होतात आणि आपण उन्हाला दोष देतो. जेवणं झाली की तासाभरात भात पसरट भांड्यात काढून गार करून फ्रिजमध्ये, आणि दुसऱ्या दिवशीच संपवा. वीज बराच वेळ गेली असेल तर फ्रिजमधल्या भातावरही भरवसा ठेवू नका. चारच्या डब्यातल्या दही, अंडं, मोड यांनाही हेच लागू आहे.

सासूबाईंशी हे आधीच बोला, मुलांसमोर नाही. आजीने नातवंडांना काही द्यायचंच नाही हा नियम कोणत्याच घरात टिकत नाही आणि टिकूही नये. त्यांचा खाऊ चारच्या डब्यात येऊ द्या. त्यांच्या हातचा नाचणीचा किंवा दाण्याचा लाडू, चुरमुऱ्यांचा चिवडा, गूळ-खोबरं, हे त्या वेळेला दिलं की त्यांचा मानही राहतो आणि दुपारचं जेवणही. गोड हे बक्षीस म्हणून देऊ नका, "भाजी संपव मग लाडू" म्हटलं की भाजी शिक्षा होते. लाडू डब्यात भाजीच्या भरीच्या आप्प्यांशेजारीच ठेवा, आधी कोणी काय खाल्लं याची चौकशी नको. चार-पाच वर्षांखालची पाहुणी मुलं घरी येत असतील तर अख्खे दाणे त्यांच्या हाताला लागू देऊ नका, घशात अडकतात. त्यांना कूटच.

मुलांना कामाला लावायचं तर चारच्या डब्याचंच द्या. दहा वर्षांची मुलगी भेळ स्वतः कालवू शकते, अंडं सोलू शकते, सहा वर्षांचा कोथिंबीर निवडू शकतो, दाण्याची सालं काढू शकतो. आदल्या रात्री दोन पर्याय सांगून त्यातला एक निवडायला सांगा, "उद्या काय हवं?" असं मोकळं विचारू नका, उत्तर नूडल्सच येतं.

हे सगळं सर्वसाधारण निरोगी मुलांसाठी आहे. एखाद्याला दम्याची, साखरेची किंवा कुठल्या पदार्थाच्या ॲलर्जीची औषधं चालू असतील तर वेळा त्याच्या डॉक्टरांना विचारून बसवा. वेळा बसवून दोन आठवडे झाले तरी जेवण वाढलं नाही, मूल पटकन दमतं, डोळ्यांच्या आतल्या कडा फिक्या दिसतात, माती-खडू खावंसं वाटतं, यातलं काही असेल तर बालरोगतज्ज्ञांकडून हिमोग्लोबिन तपासून घ्या. वजन मात्र रोज बघू नका, सुट्टीच्या सुरुवातीला एकदा आणि शाळा उघडताना एकदा उंचीसकट नोंदवलं की पुरे. उद्यापासून लगेच वेळा बदलायच्या आधी माझ्यासाठी एक करा : आजचा आणि उद्याचा दिवस, तोंडात गेलेली प्रत्येक गोष्ट वेळेसकट कागदावर लिहा, सरबत आणि दुधासकट, आणि ती यादी इथेच टाका. त्यावरून दोघांच्या नेमक्या वेळा सांगता येतील.